माननीय रेक्टर मॅडम, चिक्की पाठवू का?

दिवाळीच्या सुट्टीत माहेरी गेले होते. कागल तालुक्यात आमचं गाव, ऊस आणि खरिपाच्या शेंगा ही घरची पिकं. भाऊबीज उरकली, भांडी झाली आणि वहिनींनी कपाटातल्या साडीच्या घडीतून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, "वन्सं, जरा बघा. तुम्ही होस्टेल चालवलंय म्हणून दाखवते."

कागदावर एवढंच होतं : "मा. रेक्टर मॅडम, सा. न. वि. वि. मी शेतकऱ्याची पत्नी असून घरगुती पद्धतीने गूळ व शेंगदाण्याची चिक्की बनवते. चिक्की चविष्ट व पौष्टिक असून मुलींचे रक्त वाढते. भाव १४० रु. किलो. आपण एकदा सेवेची संधी द्यावी ही नम्र विनंती."

मी कोल्हापुरात मुलींच्या एका वसतिगृहाची नऊ वर्षं रेक्टर होते. अशी पत्रं महिन्याला दोन-तीन यायची. लोणची, पापड, शेवया, नाचणीची बिस्किटं. खरं सांगायचं तर त्यांतली बहुतेक मी टेबलाच्या खालच्या कप्प्यात टाकली. लिहिणाऱ्या बायका खोटं बोलत होत्या म्हणून नव्हे. त्या पत्रांत मला हवं असलेलं काही नसायचं म्हणून. रेक्टरच्या डोक्यात चव शेवटी येते. आधी येतं ते हे की रात्री दीड वाजता दार वाजवून कुणी "मॅडम, पोटात कळ येतेय" असं म्हणायला नको. मग येतं ते बिल आणि मग मेस कमिटीतल्या मुलींची तोंडं. चविष्ट आणि पौष्टिक हे दोन शब्द तर प्रत्येकच पत्रात असतात.

वहिनींना म्हटलं, पत्र पुन्हा लिहू. पण त्याआधी तुम्ही नेमकं काय करता ते मला पहिल्यापासून दाखवा. त्यात चार दिवस गेले, आणि पत्रातली एकेक ओळ त्या चार दिवसांत ठरली.

सुरुवात गुळापासून. वहिनींच्या पत्रात "घरगुती गूळ" होता. पण गूळ काही घरच्या चुलीवर होत नाही. तो गुऱ्हाळात होतो. आमच्याकडे भावकीत एक गुऱ्हाळघर आहे, तिथं पाळीपाळीनं ज्याचा त्याचा ऊस गाळला जातो. चरकातून निघालेला रस मोठ्या काहिलीत पडतो, खाली चुलवाणात चिपाडांचा जाळ. रस तापायला लागला की वर काळपट मळी येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. मळी सुटून यावी म्हणून रानभेंडीची ताटं ठेचून, पाण्यात भिजवून तिचा बुळबुळीत रस घालतात आणि आंबटपणा मारायला थोडी चुन्याची निवळी. एका वेळी काहिलीत चढतं ते एक आदण. ते आटत आटत पाकावर आलं की गुळव्या पाण्यात बोट बुडवून, चिमटीत पाक घेऊन त्याची गोळी करून बघतो. त्यानं मान डोलावली की काहील उतरते. पुढं वाफ्यात ओतून, फावड्यानं घोटून, साच्यात भरून दहा-दहा किलोचे रवे होतात. टनभर उसाचा साधारण १०० ते १२० किलो गूळ पडतो.

आता यात रेक्टरला काय घेणं? घेणं एका पांढऱ्या पावडरीशी आहे. बाजाराला पिवळाधमक गूळ लागतो. उसाच्या रसाचा गूळ आपोआप तसा होत नाही, तो बदामी, तांबूस, कधी चांगलाच गडद होतो. मग रस उकळताना हायड्रॉस पावडर टाकतात. तिनं रंग उडतो, पण गुळात गंधकाचा अंश राहतो. अन्नसुरक्षेच्या नियमांत गुळातल्या सल्फर डायऑक्साइडला किलोमागं ७० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि गुऱ्हाळावर पावडर मापानं नाही, मुठीनं पडते. शिवाय असा गूळ चार-सहा महिन्यांत पुन्हा काळा पडतो, म्हणजे ज्याच्यासाठी केलं तेही टिकत नाही. वहिनींच्या घरच्या आदणात पावडर पडत नाही. कारण तो गूळ विकायचा नसतोच, खायचा असतो. दादा विकायच्या आदणात टाकतो का, हे मी विचारलं. त्यानं उत्तर द्यायच्या आधी तंबाखू मळायला घेतली.

पावडरीपेक्षाही चिक्कीला जास्त घातक आहे ती गुळात मिसळलेली साखर. साखरेचा भाव पडलेला असला की काही ठिकाणी काहिलीत साखरेची पोती रिकामी होतात. गूळ देखणा होतो, टणक होतो, भाव चांगला मिळतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तरी हे थांबलेलं नाही. खाणाऱ्याला ते कळत नाही, पण पाक करणाऱ्या बाईला लगेच कळतं. साखर मुळातच स्फटिक धरणारी. निव्वळ उसाच्या रसातल्या गुळात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं, आणि ते दोघं साखरेला एकमेकींजवळ येऊन दाणा धरू देत नाहीत. म्हणून त्या गुळाचा पाक काचेसारखा एकसंध थिजतो. साखर घातलेल्या गुळाचा पाक मात्र वडी कापेकापेपर्यंत रवाळ होतो आणि दुसऱ्या दिवशी चिक्की भुसभुशीत, पांढुरकी दिसते. संक्रांतीला वाण्याकडं आपण मुद्दाम चिक्कीचा गूळ मागतो, तो जरा मऊ, चिकट असतो, त्यामागचं कारण हेच. वहिनींना ग्लुकोज-फ्रुक्टोज ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "जो गूळ दाताला धरतो त्योच पाकाला बरा." तेच ते.

दुसऱ्या दिवशी शेंगा पाहिल्या. माळ्यावर लाकडी फळ्यांवर तागाची पोती रचलेली, भिंतीपासून हातभर सोडून. शेंगा टरफलासकट ठेवलेल्या. मी म्हटलं, फोडून ठेवल्या तर जागा कमी नाही का लागणार? लागेल की, पण टरफल निघालं की दाण्याला हवा लागते, त्यातलं तेल खवट व्हायला लागतं. टरफल हा दाण्याचा फुकटात मिळालेला डबा आहे. म्हणून वहिनी आठवड्याला लागतील तेवढ्याच फोडतात.

पण शेंगांच्या बाबतीत खवटपणा ही लहान गोष्ट. मोठी गोष्ट बुरशीची. जमिनीतल्या एका पिवळसर हिरव्या बुरशीमुळं शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृताला घातक आहे. पीक काढणीला आलं असताना पावसानं ओढ दिली, किंवा काढल्यावर शेंगा ओल्या ढिगात राहिल्या, की ही बुरशी फोफावते. सगळ्यात वाईट हे की भाजल्यानं हे विष पुरतं जात नाही. बुरशी मरते, विषाचा मोठा भाग मागं राहतो. खमंग भाजलं म्हणजे शुद्ध झालं, हा आपल्या स्वयंपाकघरातला समज इथं खोटा ठरतो.

मग हातात उरतं काय? दोनच गोष्टी, वाळवणं आणि निवडणं. दाण्यातली ओल आठ टक्क्यांच्या आसपास आली की बुरशीला वाढता येत नाही. ओल मोजायचं यंत्र घरात नसतं, पण हात असतो. शेंग कानाशी हलवली तर आत दाणा खुळखुळला पाहिजे. दाणा बोटांत चोळला तर तांबडं साल सुटलं पाहिजे. दाताखाली तो चेपला न जाता तुटला पाहिजे. एवढं होईपर्यंत शेंगा उन्हात, आणि रात्री गोळा करून झाकून. त्यानंतर निवडणं. वहिनी सुपात दाणे घेऊन बसल्या आणि मी शेजारी बसून मोजत राहिले. चार किलोंत त्यांनी दोन मुठी दाणे बाजूला काढले. सुरकुतलेले, काळे डाग पडलेले, मोड फुटलेले, किड्यानं भोक पाडलेले. विष बहुतेक करून अशाच थोड्या दाण्यांत साठलेलं असतं, त्यामुळं त्या दोन मुठी फेकल्या की जोखीम खूप कमी होते. वहिनी त्या कोंबड्यांना टाकायला निघाल्या होत्या. मी हात धरला. कोंबडीलाही अफ्लाटॉक्सिन बाधतं. दाणे चुलीत गेले.

इथं एक जुनी गोष्ट आठवली. माझ्या वसतिगृहात एका वर्षी एका पुरवठादाराकडून शेंगदाण्याचे लाडू यायचे. स्वस्त होते. एक दिवस चार मुलींनी लाडू कडू लागतो म्हणून तोंडातून काढून टाकला. मी चाखला, नुसता खवट नव्हता, कडू होता. फुटके, काळे दाणे कूट करून खपवले होते. कुटात दाणा ओळखू येत नाही. तेव्हापासून माझं मत असं की मुलींना खायला द्यायचं तर शेंगदाणा अख्खा नाहीतर फाकीचा दिसेल असंच काही द्यावं. चिक्कीचा हा गुण कुणी सांगत नाही, तिच्यात दाणा लपवता येत नाही.

तिसरा दिवस पाकाचा. याच्यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून जरा सावकाश सांगते. दाणे लोखंडी कढईत मंद आचेवर भाजले. फाकी करून बघितली तर आतून बदामी रंग यायला हवा. नुसता बाहेरून डाग पडला आणि आत पांढरं राहिलं तर कच्चट वास येतो. गार झाल्यावर चोळून, पाखडून सालं काढली. एक किलो कच्च्या दाण्यांचे नऊशे ग्रॅम उरतात. गूळ चिरून त्यात पळीभर पाणी घातलं, वितळल्यावर गाळून घेतला, कारण कितीही चांगला गूळ असला तरी त्यात चिपाडाचा कण आणि बारीक खडा असतोच. खडा मुलीच्या दाढेखाली आला की रेक्टरची बदली होत नाही, पण पुरवठा मात्र बंद होतो.

गाळलेला गूळ पुन्हा आचेवर. आधी मोठे बुडबुडे येतात, मग ते बारीक होतात, रंग गडद होतो. शेजारी वाटीत थंड पाणी. थेंब टाकला, तो मऊ गोळी झाला. हा लाडूचा पाक. आणखी दोन मिनिटांनी थेंब घट्ट झाला, पण दोन बोटांत वाकला. बहुतेक घरगुती चिक्की इथंच बिघडते. बाईला वाटतं झाला पाक, शिवाय करपायची भीती असते, ती गॅस बंद करते. चिक्की दिसायला छान होते आणि खाताना दाताला चिकटते. "मॅडम, चिक्की दाढेतून निघत नाही," ही तक्रार मी कितीदा ऐकली आहे. वहिनी थांबल्या नाहीत. पुढचा थेंब पाण्यात पडताच कडक झाला, बाहेर काढून वाकवला तर कट् असा आवाज होऊन तुटला. मी साखरेच्या पाकाचा थर्मामीटर नेला होता, तो १४७ अंश दाखवत होता. थेंब वाकत होता तेव्हा तो १३० च्या आसपास होता. आणखी थोडं पुढं गेलं की गूळ जळतो आणि कडू होतो. म्हणजे हाताशी असतात ते थोडेसेच अंश. म्हणून एका वेळी एक किलोच दाण्यांचा घाणा घ्यायचा. पाच किलोंचा घेतला तर कढईच्या कडेला पाक जळतो आणि मध्ये कच्चा राहतो.

पाक झाल्यावर चिमूटभर खायचा सोडा. त्यानं पाक फेसाळून हलका होतो, वडी कुरकुरीत फुटते. मग दाणे, आणि तेही कोमट. गार दाणे टाकले की पाक त्यांच्यावरच थिजतो आणि ढवळायला सवड मिळत नाही. तूप लावलेल्या पाटावर ओतून लाटण्यानं पसरायचं आणि मिनिट-दोन मिनिटांत सुरीनं रेषा पाडायच्या. उशीर झाला तर वड्या न पडता तुकडे पडतात. वहिनींच्या वड्या लहानमोठ्या पडत होत्या, घरात त्यानं काही बिघडत नाही. पण वसतिगृहात बिघडतं. एकीला मोठी आणि एकीला लहान मिळाली की मेस कमिटीची बैठक त्यावरच होते. मग दादानं पाटाच्या कडेला दोन पट्ट्या ठोकल्या, जाडी सारखी आली, आणि पट्टीनं मोजून कापल्यावर वडी तीस ग्रॅमच्या आसपास पडायला लागली.

आता त्या "रक्त वाढते"बद्दल. ही ओळ मी खोडली, आणि वहिनींना ते आवडलं नाही. गुळात लोह असतं हे खरं. पण तीस ग्रॅमच्या वडीत गूळ आणि दाणे मिळून ते जेमतेम एक मिलिग्रॅमच्या घरात जातं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणं प्रौढ बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं. एका वडीनं हिमोग्लोबिन वाढणार असतं तर आमच्या कोल्हापुरात एकही मुलगी फिकट दिसली नसती. त्या वडीतून खरोखर मिळतं ते दुसरंच. साधारण १४५ कॅलरी आणि चार ग्रॅम प्रथिनं. संध्याकाळी पाच वाजता कॉलेजातून आलेल्या आणि रात्री साडेआठपर्यंत जेवण नसलेल्या मुलीला त्याचा उपयोग आहे. पत्रात तेच लिहिलं. खोटा दावा एखाद्या विज्ञानाच्या मॅडमनी पकडला तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

मग भाव. १४० रुपये कुठून आले, हे विचारलं. वहिनींनी बोटांवर हिशेब केला. गॅस, तूप, पिशव्या, थोडा नफा. दाणे? "ते घरचेच की." गूळ? "तोबी घरचाच." आणि तुमचा दिवस? त्यावर त्या हसल्या. मी कागद घेतला आणि त्या हंगामाचे भाव धरून एका आठवड्याचा हिशेब मांडला. वसतिगृहात १२० मुली, आठवड्यात दोनदा एकेक वडी, म्हणजे ७ किलो २०० ग्रॅम चिक्की. त्याला साडेचार किलो कच्चे दाणे, १३० रुपयांनी ५८५. चार किलो गूळ, ६० नं २४०. तूप आणि सोडा ४०, गॅस ६०, कागद आणि लेबलं ४५. दोन बायकांचा अर्धा अर्धा दिवस, प्रत्येकी २००, म्हणजे ४००. दादाच्या मोटारसायकलचं कोल्हापूरला जाऊन यायचं पेट्रोल १२०. एकूण १,४९० रुपये, म्हणजे किलोला २०७ रुपये पडतात. १४० नं दिली असती तर दर आठवड्याला पावणेपाचशेचा खड्डा पडला असता, आणि दाणे घरचे म्हणून तो वर्षभर कुणाला दिसलाही नसता. तेच दाणे दादानं बाजारात नेले असते तर त्याचे रोख पैसे आले असते.

भाव २४० ठरला. एका वडीला सात रुपये वीस पैसे. आठवड्याला खर्च जाऊन २३८ रुपये सुटतात, शिवाय वहिनींची आणि शेजारच्या काकूंची मजुरी. एका वसतिगृहावर घर चालत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. तीन वसतिगृहं असली तर त्याच पेट्रोलमध्ये तीन ठिकाणी माल पडतो, आणि तिथं थोडी कमाई दिसायला लागते. सरकारी वसतिगृहांच्या मागं मात्र लागू नका म्हटलं. तिथं गृहपालबाईंच्या हातात खरेदी नसते, जेवणाचा ठेका वरून ठरतो. संस्थांची, ट्रस्टची वसतिगृहं बघायची. तिथंही मेस कमिटी दरपत्रकं मागवते, आणि बिल महिना संपल्यावर निघतं, म्हणजे महिनाभराचे दाणे-गूळ आपल्याच पदरचे गुंतवायचे.

माल पुरेल का, हेही बघितलं. सुट्ट्या वगळून वर्षाचे नऊ महिने धरले तर दीडशे किलोच्या आत गूळ लागतो. एका आदणात तो सहज निघतो. दाणे १६२ किलो, म्हणजे शंभर किलो शेंगांना सत्तर किलो दाणे धरून २३० किलो शेंगा. अर्ध्या-पाऊण एकराचा माल. तो माळ्यावर होता.

उरला पावसाळा, आणि तो खरा अवघड. जे गुण पाकाला काचेसारखा ठेवतात तेच हवेतलं पाणी ओढून घेतात. जुलैमध्ये कागलात चिक्की रात्रभर उघडी राहिली तर सकाळी वड्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. माळ्यावरचा गूळसुद्धा पाझरतो. म्हणून पावसाळ्यात महिन्याचा माल एकदम द्यायचाच नाही. दर आठवड्याला ताजी, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून. चिक्की पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करायचा, नाहीतर आतल्या वाफेचं पाणी होतं. आणि गार झाल्यावर लगेच बंद करायचा, नाहीतर बाहेरची हवा लागते.

अन्नसुरक्षेची नोंदणी करायला वहिनी घाबरत होत्या. लहान घरगुती उद्योगाला मोठा परवाना नसतो, साधी नोंदणी असते, वर्षाला शंभर रुपये शुल्क आणि आधार, फोटो असे कागद. चौदा आकडी क्रमांक मिळतो, तो लेबलावर छापायचा. आमच्या तालुक्याच्या सेवा केंद्रातल्या पोरानं अर्ज भरला. क्रमांक आल्यावर पत्र लिहायला बसलो. ते असं झालं :

"मा. रेक्टर मॅडम, सा. न. वि. वि.

आमच्या शेतातील ऊस व भुईमूग यांपासून मी चिक्की करते. आपल्या वसतिगृहातील मुलींच्या सायंकाळच्या नाश्त्यासाठी ती देऊ इच्छिते.

चिक्कीत शेंगदाणे, गूळ, थोडे तूप व चिमूटभर खाण्याचा सोडा याशिवाय काही नाही. गूळ आमच्या गुऱ्हाळातील असून त्यात रंग उडवणारी पावडर किंवा साखर घातलेली नाही. शेंगा वाळवून टरफलासह साठवतो, दाणे दर आठवड्याला फोडून हाताने निवडतो. प्रत्येक वडी ३० ग्रॅमच्या आसपास भरते. ज्या मुलींना शेंगदाण्याची ॲलर्जी असेल त्यांना ती देऊ नये, तसे लेबलावर लिहिले आहे.

१२० मुलींना आठवड्यातून दोनदा याप्रमाणे ७ किलो २०० ग्रॅम माल दर सोमवारी सकाळी ९ च्या आत पोहोचवू. दर २४० रु. किलो, पोहोच धरून. हा दर मार्चअखेर बदलणार नाही. बिल महिन्याचे, पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत मिळावे. पावसाळ्यात चिक्की आठ दिवसांत संपवावी, त्याहून जास्त माल आम्ही देणार नाही. वड्या मऊ पडल्या किंवा चव बिघडली तर तो डबा परत घेऊ, त्याचे पैसे लावणार नाही. प्रत्येक घाण्यातील दोन वड्या तारीख घालून आमच्याकडे महिनाभर ठेवतो.

अन्नसुरक्षा नोंदणी प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. एक किलो नमुना पाठवत आहे, त्याचे पैसे नकोत. मेस कमिटीतील मुलींनी खाऊन पाहावी. आपण व त्यांनी घरी येऊन काम पाहिले तर आनंद होईल, सोमवार सोडून कधीही या.

आपली नम्र,"

खाली वहिनींनी सही केली. आधी त्यांनी दादाचं नाव घालून "यांची पत्नी" असं लिहिलं होतं. नोंदणी त्यांच्या नावावर आहे, बिल त्यांच्या खात्यात येणार, म्हणून ते शब्द गाळले. दादानं ते बघितलं आणि काही बोलला नाही, फक्त नमुन्याचा डबा पिशवीत नीट उभा राहतो का ते तपासलं.

पत्र आणि डबा शुक्रवारी गेले. मंगळवारी रेक्टर मॅडमचा फोन आला. मुलींनी एक किलो एका संध्याकाळी संपवली होती, आणि २४० ला त्यांची ना नव्हती. त्यांना एकच विचारायचं होतं, आणि ते आम्ही दोघींनी चार दिवस डोकं लावूनही पत्रात लिहिलं नव्हतं : रिकामे डबे परत न्यायला कोण येणार, आणि ते धुऊन द्यायचे की तसेच?

तसेच द्या म्हणाल्या वहिनी, धुतलेल्या डब्यात ओल राहते.